खातं कुणी गोठवलं?

पहाटेचे साडेचार वाजले होते. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, फुलबाजारात खंडेनवमीची गर्दी उसळली होती. आमच्या पेठेतला फुलवाला नेहमीच्या आडत्यापुढे उभा होता. झेंडूचे क्रेट बघून झाले, शेवंतीचा भाव ठरला. त्याने मोबाईल काढून रक्कम टाकली, पिन टाकला. पैसे गेले नाहीत. पुन्हा टाकला, तरी गेले नाहीत. मागचे लोक क्रेट उचलून पुढे सरकत होते आणि हा शिल्लक तपासत होता. खात्यात 41,260 रुपये दिसत होते. पैसे होते, पण हलत नव्हते.

आडत्या जुन्या ओळखीचा होता. त्याने अर्धा माल उधारीवर दिला. उरलेला अर्धा माल त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या टेम्पोत चढला. वर्षातला सगळ्यात मोठा विक्रीचा दिवस दुसऱ्या दिवशी होता, दसऱ्याचा, आणि त्या दिवशी बँकेला सुट्टी.

सकाळी दहाला तो शाखेत गेला. काउंटरवरच्या मुलीने खाते क्रमांक टाकला, पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं, "दादा, तुमच्या खात्याला डेबिट फ्रीज लागलाय. सिस्टीमने लावलाय. आम्हाला काढता येत नाही." का लावला, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ते आम्हालाही दिसत नाही. एक अर्ज देऊन ठेवा." संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सहा वर्षं तक्रारींच्या टेबलावर. पेठेतल्या लोकांना हे माहीत आहे, त्यामुळे असे अर्ज लिहायला ते माझ्याकडे येतात. खिशातून वहीचं पान काढून तो म्हणाला, "काका, मी लिहिलंय, पण तुम्ही एकदा बघा."

त्याच्या पानावर जे होतं ते खरं होतं. माझा धंदा बुडाला, मी चोर नाही, बारा वर्षांचं खातं आहे, तुमच्या मशीनमुळे माझ्या घरात चूल पेटायची नाही, कारण सांगा, ताबडतोब खातं चालू करा. एकही शब्द खोटा नव्हता. तरी तो अर्ज तसाच दिला असता तर शाखेतल्या ट्रेमध्ये पडून राहिला असता. असे शेकडो अर्ज मी वाचलेत आणि त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. हा अर्ज वाचून ज्याला निर्णय घ्यायचाय, त्याच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं.

शाखेतली ती मुलगी खोटं बोलत नव्हती, हे आधी समजून घ्यायला हवं. खात्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा शाखेत नसते. ती मुख्य कार्यालयात, बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात, एका स्वतंत्र कक्षात चालते. प्रत्येक खात्याचे व्यवहार तिथल्या संगणकाखालून जातात. ठरावीक नियमांत किंवा ठरावीक नमुन्यात व्यवहार बसले की इशारा उठतो. इशारा सौम्य असेल तर एखादा कर्मचारी तो उघडून बघतो. तीव्र असेल तर संगणक आधी पैसे बाहेर जाणं थांबवतो आणि माणूस नंतर बघतो. शाखेच्या पडद्यावर उमटतो तो फक्त एक संकेतांक आणि 'डेबिट फ्रीज' एवढे शब्द. म्हणजे तुमच्या समोर जो माणूस आहे त्याला कारण माहीत नाही आणि ज्याला कारण माहीत आहे तो तुमच्या समोर कधीच येत नाही. तुमचा अर्ज हीच त्या दोघांमधली एकमेव वाट असते.

आता त्या संगणकाला फुलवाल्यात असं काय दिसलं?

सायबर चोराला फसवणुकीतून आलेले पैसे ठेवायला स्वतःचं खातं चालत नाही. तो दुसऱ्याचं खातं भाड्याने घेतो, किंवा एखाद्या गरजूला थोडे पैसे देऊन त्याच्या नावावर उघडायला लावतो. बँकेच्या भाषेत अशा खात्याला 'म्यूल' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याचं ओझं वाहणारं खेचर. अशी खाती शोधण्यावर बँकांचा सध्या मोठा भर आहे आणि तो योग्यच आहे, कारण लुटलेले पैसे पहिल्या काही तासांत अडवले नाहीत तर ते हाती लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने यासाठीच 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली तयार केली. डिसेंबर 2024 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी बँकांनी ती वापरावी असं सांगितलं होतं. शिवाय बहुतेक बँकांची आपापली यंत्रणा आहेच.

अशा खेचर-खात्याची लक्षणं ठरलेली असतात. अनोळखी, एकमेकांशी संबंध नसलेल्या पुष्कळ लोकांकडून पैसे जमा होतात. जमा झालेले पैसे काही तासांत एकदोन ठिकाणी एकगठ्ठा बाहेर जातात, तेही रात्री किंवा पहाटे. दिवसअखेर खात्यात फारसं काही उरत नाही. आणि शांत चाललेल्या खात्यात उलाढाल अचानक वाढते.

आमच्या फुलवाल्याचा उतारा मी पुढ्यात घेतला. एरवी दिवसाला चाळीस-पन्नास लोक क्यूआर स्कॅन करून मिळून पाच हजारांच्या आसपास देतात. नवरात्राच्या तीन दिवसांत, 28 ते 30 सप्टेंबर, 612 लोकांनी मिळून 1,08,400 रुपये दिले. नेहमीपेक्षा सातपट. त्यांतले बहुतेक त्याला नावानेही माहीत नाहीत, कारण हार घेणारा माणूस नाव सांगून जात नाही. 29 आणि 30 तारखेला पहाटे, पाच वाजायच्या आत, दोन आडत्यांना मिळून 68,500 रुपये गेले होते, कारण फुलबाजार पहाटेच भरतो. दिवसाच्या शेवटी शिल्लक कमी, कारण धंद्याचं भांडवल हेच की काल विकलेल्या मालाच्या पैशांतून आजचा माल उचलायचा. एकेक लक्षण लावून पाहा. इमानदार फुलवाल्याचा सणाचा आठवडा आणि सायबर चोराच्या भाड्याच्या खात्याचा आठवडा कागदावर जुळ्या भावांसारखे दिसतात.

त्यात आणखी एक भर होती आणि ती मला उताऱ्यात सापडली नाही, त्याला विचारल्यावर कळली. बारा वर्षांपूर्वी हे बचत खातं उघडलं तेव्हा तो एका मंगल कार्यालयात कामाला होता. खाते उघडण्याच्या फॉर्मवर व्यवसाय 'मजुरी' आणि वार्षिक उत्पन्न 'एक लाखाच्या आत' असं लिहिलं होतं. नंतर त्याने गाडा लावला, मग टपरी घेतली, पण बँकेतली ती नोंद तशीच राहिली. संगणक आजच्या उलाढालीची तुलना त्या नोंदीशी करतो. एक लाख उत्पन्नाचा मजूर तीन दिवसांत एक लाखाच्या वर रक्कम फिरवतोय, एवढंच त्याला दिसतं. छोट्या व्यापाऱ्यांची जी खाती अडकलेली मी पाहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खात्यांवर अशीच जुनी नोंद होती.

मग इतक्या निरपराध लोकांना त्रास देणारी यंत्रणा बँका ठेवतातच का, असं त्याने विचारलं. मी त्याला मागच्या पानावर एक हिशोब करून दाखवला. धरून चालू की एका बँकेत एक लाख खाती आहेत आणि त्यांतली शंभर खरोखर चोरांची आहेत. यंत्रणा इतकी चांगली आहे की शंभरातली नव्वद ती पकडते आणि चांगल्या खात्यांपैकी फक्त शंभरात एकाच्या बाबतीत चुकते. ऐकायला उत्तम वाटतं. पण चांगली खाती 99,900 आहेत, त्यांचा एक टक्का म्हणजे 999. म्हणजे गोठलेल्या 1,089 खात्यांपैकी 90 चोरांची आणि 999 सरळ माणसांची. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण गणिताचा स्वभाव खराच आहे. चोर थोडे आणि सरळ माणसं खूप असली की उत्तम यंत्रणेच्या जाळ्यातही सरळ माणसंच जास्त येतात. म्हणून इशारा उठल्यावर लगेच माणसाने बघणं, एक फोन करून विचारणं, हा या कामाचा अत्यावश्यक भाग आहे. आमच्या फुलवाल्याच्या बाबतीत तो फोन आलाच नाही. त्याचा मोबाईल क्रमांक खात्याला जोडलेला होता. दोन मिनिटांच्या बोलण्यात जे कळलं असतं त्यासाठी त्याचा दसरा गेला. बँकेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला याची लाज वाटते.

अर्जाकडे वळण्याआधी मी त्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या. डेबिट फ्रीजमध्ये पैसे बाहेर जाणं थांबतं, आत येणं चालूच राहतं. पहाटेपासून आणखी साडेतीन हजार रुपये त्या खात्यात जाऊन बसले होते. म्हणून क्यूआरचा फलक लगेच झाकायला लावला आणि दसऱ्याची विक्री रोखीने करायला सांगितली. त्याने बायकोच्या खात्याचा क्यूआर लावायचा विचार केला होता, त्याला मी नको म्हटलं. संशयाखाली असलेल्या माणसाचे व्यवहार एकाएकी घरच्या दुसऱ्या खात्यात वळलेले दिसले तर तेही अडकू शकतं. दुसरी गोष्ट, या महिन्यात कुठले हप्ते त्या खात्यातून जातात ते बघायला सांगितलं. टेम्पोच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला होता. पैसे असूनही तो परत जाणार होता आणि त्याचा दंड लागणार होता. ही गोष्ट अर्जात यायलाच हवी होती.

आता अर्जातला पहिला प्रश्न. लोक विचारतात, 'खातं का गोठवलं?' मी विचारायला सांगतो, 'खातं कुणी गोठवलं?'

या दोन प्रश्नांत फार फरक आहे. 'का'चं पूर्ण उत्तर बँक देत नाही. नियम कसे लावलेत ते उघड केलं तर चोर त्यांच्या एक पाऊल मागे राहून व्यवहार करतील. शिवाय बँकेने एखाद्या संशयास्पद व्यवहाराचा अहवाल दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला पाठवला असेल, तर ते खातेदाराला सांगायला कायद्याने मनाई आहे. (मात्र असा अहवाल पाठवला एवढ्याच कारणावरून खात्याच्या व्यवहारांवर बंधन घालू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे. हे शाखांमध्येही फारसं कुणाला आठवत नाही.) 'का' विचारलं की गुळमुळीत उत्तर येतं आणि अर्जदार तिथेच अडकतो.

'कुणी'चं उत्तर मात्र बँकेला देता येतं, आणि पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. खातं दोन प्रकारे गोठतं. एक, बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेने. दुसरं, पोलिसांच्या सांगण्यावरून. कुठेतरी कुणाची फसवणूक होते, तो 1930 क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करतो आणि त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्या सगळ्या खात्यांना ओळीने निरोप जातो. त्या साखळीतल्या कुणी तुमच्याकडे हार किंवा वडापाव घेतला असेल, तर साखळीचं शेवटचं टोक तुमचं खातं ठरतं. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका गाडीवाल्याचं अख्खं खातं 105 रुपयांच्या अशाच एका जमेमुळे गोठलं होतं. खात्यात लाखाच्या वर रक्कम होती. त्याला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. 2024 मध्ये न्यायालयाने खातं खुलं करायला आणि फक्त ते 105 रुपये बाजूला ठेवायला सांगितलं.

पोलिसांकडून आलेला निरोप असेल तर बँकेशी भांडून उपयोग नसतो. तेव्हा बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, राज्य, पोलीस ठाणं आणि वादातली नेमकी रक्कम एवढं लेखी घ्यायचं, त्या पोलीस ठाण्याला आपली बिलं पाठवायची आणि बँकेला लिहायचं की वादातली रक्कम अडवून बाकीचं खातं खुलं करा. दाद मागायची वेळ आली तर ती न्यायालयात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अशी तक्रार चालत नाही, कारण कायदा राबवणाऱ्या यंत्रणेच्या आदेशावरून बँकेने केलेली कारवाई लोकपाल योजनेतून वगळलेली आहे. पण गोठवणारी यंत्रणा बँकेची स्वतःची असेल तर ती बँकेच्या सेवेची बाब होते आणि लोकपालाचं दार उघडं राहतं. लोकांचे महिने चुकीच्या दारात उभं राहून जातात, ते या एका प्रश्नाचं उत्तर सुरुवातीला लेखी न घेतल्यामुळे.

दुसरी बाब अर्ज कुणासाठी लिहायचा याची. वर नाव शाखा व्यवस्थापकाचं असलं तरी खरा वाचक त्या दूरच्या कक्षातला कर्मचारी आहे. त्याच्या पडद्यावर आपले व्यवहार आहेत आणि एक इशारा आहे. इशारा बंद करायचा तर त्याला स्वतःच्या नावाने कारण नोंदवावं लागतं. ते कारण त्याला आयतं आणि पुराव्यासह द्यायचं, हे अर्जाचं काम. आपण किती इमानदार आहोत हे सांगून त्याला नोंद करता येत नाही. 28 तारखेला पैसे कुठून आले आणि 29 तारखेच्या पहाटे कुठे गेले, हे सांगितलं की करता येते.

त्या रात्री आम्ही जेवणं झाल्यावर बसलो. त्याच्या बायकोने आडत्यांच्या पावत्यांची पिशवी आणली. ओल्या फुलांत राहून काही पावत्यांची शाई पसरली होती, पण तारखा वाचता येत होत्या. आम्ही त्या उताऱ्याशी एकेक लावून घेतल्या. मग अर्ज लिहिला तो असा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. प्रत: तक्रार निवारण अधिकारी, मुख्य कार्यालय.

विषय: बचत खात्यातून रक्कम काढणे थांबवल्याबद्दल तक्रार व व्यवहारांचा खुलासा.

महोदय, वरील खात्यातून 1 ऑक्टोबर रोजी पहाटे सुमारे 4.30 पासून एकही रक्कम बाहेर जात नाही. त्या वेळी शिल्लक 41,260 रुपये होती. मला आधी किंवा नंतर फोन, संदेश अथवा पत्र मिळालेले नाही. शाखेत चौकशी केली असता खात्याला डेबिट फ्रीज असल्याचे तोंडी सांगण्यात आले.

कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. हे बंधन बँकेच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेने घातले आहे की पोलीस, न्यायालय वा अन्य खात्याच्या आदेशावरून? ते कोणत्या तारखेला व किती वाजता घातले? पूर्ण खात्यावर आहे की ठरावीक रकमेवर? बाहेरचा आदेश असल्यास त्याचा क्रमांक, कार्यालय आणि वादातील रक्कम कोणती? बँकेचे स्वतःचे बंधन असल्यास ते उठवण्यासाठी कोणती कागदपत्रे हवीत?

माझा फुलांचा किरकोळ धंदा आहे. दि. 28 ते 30 सप्टेंबर या काळात 612 ग्राहकांकडून 1,08,400 रुपये जमा झाले. ही नवरात्रातील हार व फुलांची विक्री असून सरासरी रक्कम 177 रुपये आहे. दि. 29 व 30 रोजी पहाटे गेलेले 68,500 रुपये मार्केट यार्डातील दोन आडत्यांना माल खरेदीसाठी दिले. त्यांच्या पावत्या तारखेनुसार सोबत आहेत. मागील वर्षीच्या नवरात्रातही याच खात्यात अशीच वाढ झाली होती. त्या महिन्याचा उतारा सोबत आहे.

खाते उघडताना माझा व्यवसाय मजुरी असा नोंदवला होता. तो आता बदललेला आहे. ही नोंद मी वेळेवर बदलली नाही. नवा केवायसी फॉर्म, दुकानाच्या नोंदणीची पावती आणि टपरीचा फोटो सोबत देत आहे.

दि. 5 रोजी याच खात्यातून कर्जाचा हप्ता जायचा आहे. बंधनामुळे तो परत गेल्यास त्याचा दंड बँकेने परत द्यावा व माझ्या कर्जफेडीच्या इतिहासात त्याची नोंद होऊ देऊ नये. बंधन उठवण्यास वेळ लागणार असल्यास तोपर्यंत निदान हप्ता व माल खरेदीच्या रकमेपुरते व्यवहार चालू करावेत.

ही माझी औपचारिक तक्रार समजून तक्रार क्रमांक द्यावा. तक्रार पूर्ण वा अंशतः फेटाळायची असल्यास ती बँकेच्या अंतर्गत लोकपालाकडे पाठवून त्यांच्या निर्णयासह अंतिम उत्तर द्यावे."

या अर्जात रागाचा एकही शब्द नाही, त्याबद्दल तो थोडा नाराज होता. "एवढं नुकसान झालं, ते कुठंच नाही आलं," असं म्हणाला. नुकसानीचा कागद आम्ही वेगळा केला: किती माल मिळाला नाही, मागच्या दसऱ्याला किती विक्री झाली, यंदा किती झाली. तो पहिल्या अर्जाला जोडला नाही. खातं खुलं करणाऱ्या कर्मचाऱ्याला नुकसानभरपाई देण्याचा अधिकार नसतो, आणि तो मुद्दा दिसला की फाईल विधी विभागाकडे जाऊन रेंगाळते. लोकपालाकडे जायची वेळ आली तर तो कागद लागणार होता, म्हणून तारखा घालून ठेवून दिला.

मजुरीच्या नोंदीची कबुली द्यावी की नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्याला वाटत होतं की चूक कबूल केली तर बँक त्यावरच बोट ठेवेल. माझं मत उलट होतं आणि आजही आहे. ती विसंगती त्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दिसतच असते. आपण ती आधी सांगितली आणि दुरुस्तीचा फॉर्म जोडला की त्याला इशारा बंद करण्याचं कारण मिळतं. लपवली तर तीच संशय टिकवून ठेवते. मात्र एक काळजी घ्यायची. उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे. महिन्याला दीड लाख रुपये खात्यातून फिरतात, पण त्यातला मोठा भाग आडत्याचा असतो आणि संध्याकाळी उरलेली फुलं टाकून द्यावी लागतात. नव्या फॉर्मवर उत्पन्नाच्या रकान्यात आम्ही निव्वळ उरणारी रक्कम लिहिली आणि अपेक्षित उलाढाल वेगळी लिहिली.

सगळ्यात जड कागद मागच्या वर्षीचा उतारा होता. पावत्यांबद्दल शंका घेता येते, दुकानाचा फोटो कुणीही काढू शकतो. पण बँकेच्याच नोंदीत, एक वर्ष आधी, त्याच सणाला, तीच वाढ दिसत असेल तर ती खोटी ठरवता येत नाही. चोराच्या भाड्याच्या खात्याला असा मागचा सण सहसा नसतो. ज्यांचा धंदा सणावर किंवा हंगामावर चालतो, मग ते फटाके असोत, गणपतीच्या मूर्ती असोत की आंबे, त्यांनी हाच कागद वर ठेवावा.

अर्ज मराठीत दिला, तो दोन प्रतींत. मराठीत लिहिलेला अर्ज शाखेने घ्यायलाच हवा. पण तो कक्ष कुठल्या राज्यात बसतो ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून आकड्यांचा एक परिच्छेद इंग्रजीत करून सोबत जोडला. शुक्रवारी, 3 ऑक्टोबरला, शाखेतल्या अधिकाऱ्याने आधी "ठेवून जा" म्हटलं. याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मागितली. हा शिक्का फार मोलाचा. लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला 30 दिवस द्यावे लागतात आणि ते दिवस या तारखेपासून मोजले जातात. तोच अर्ज त्याने बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवरही पाठवला आणि तक्रार क्रमांक मिळवला. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. 14448 या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते.

त्याला तिथवर जावं लागलं नाही. सोमवारी कक्षातून फोन आला. एका आडत्याचं नाव आणि दोन पावत्यांचे क्रमांक विचारले, एवढंच. गुरुवारी, 9 तारखेला, सकाळी खातं खुलं झालं. ईमेल आला तो तीन ओळींचा: बंधन बँकेच्या अंतर्गत तपासणीचा भाग म्हणून घातलं होतं, कागदपत्रांची पडताळणी झाल्याने ते उठवलं आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. टेम्पोचा हप्ता परत गेला होता, त्याचा दंड आणखी एका अर्जानंतर परत मिळाला. दसऱ्याचा गेलेला धंदा परत मिळाला नाही. नुकसानीचा तो कागद घेऊन लोकपालाकडे जायचं का, असं मी विचारलं होतं. त्याने दोन दिवस विचार केला आणि दिवाळी तोंडावर आहे, आता माल आणायला वेळ द्यायचाय, असं सांगितलं. तो निर्णय त्याचा होता, पण ती संधी त्याने सोडली याचं मला वाईट वाटलं. नुकसान कुणी मागितलंच नाही तर गोठवण्याआधी एक फोन करण्याची निकड बँकेला कधी वाटणार?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो पुन्हा शाखेत गेला. या वेळी चालू खातं उघडण्याचा फॉर्म भरला आणि एक छोटं पत्र दिलं. ते त्याने स्वतःच लिहिलं होतं, मला फक्त दाखवलं. त्यात होतं: येत्या वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत माझ्या खात्यात रोज तीस ते चाळीस हजार रुपये जमा होतील आणि पहाटे चार ते सहाच्या दरम्यान मार्केट यार्डातील या दोन आडत्यांना जातील, कृपया नोंद घ्यावी व काही शंका असल्यास खात्याला जोडलेल्या क्रमांकावर कधीही, पहाटेही, फोन करावा. काउंटरवरच्या त्याच मुलीने ते पत्र वाचलं, स्कॅन करून कक्षाकडे पाठवलं, आणि न सांगता दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.